गौरीगणपतीच्या गर्दीत अभ्यासाची बैठक
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नाही म्हटले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन आयुष्य खडू-फळ्यापाशी काढले. व्यासपीठावरून विद्वत्तापूर्ण असे काही सांगावे इतका आमचा अधिकार नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, विद्वत्ता नको. सणासुदीला घर भरले म्हणजे आमची मुले पुस्तकाला शिवत नाहीत, त्यावर काही सांगा." हा विषय मात्र आमच्या अंगावरून गेलेला आहे. त्यात आम्ही एकदा सपशेल चुकलो, आणि बावीस वर्षांनी ती चूक कोठे होती हे आम्हांस आमच्याच मुलीने दाखवून दिले. तेवढेच आज आपणांपुढे मांडणार आहो.

आमचे मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत आहे. एरवी त्या घरात सहा माणसे असतात. गौरीगणपतीला मुंबईचे चाकरमानी आले म्हणजे ती संख्या तेवीसपर्यंत जाते. ओटीवर मखर, माजघरात पाहुण्यांच्या वळकट्या, स्वयंपाकघरात दोन चुली आणि एक गॅस, आणि न्हाणीघरापुढे सकाळपासून रांग. आपणांपैकी पुष्कळांच्या गावच्या घरी हेच दृश्य असेल, म्हणून त्याचे अधिक वर्णन करीत नाही.

२००३ साली आमची मुलगी दहावीत होती. शाळेला गणपतीची सुट्टी लागली, आणि आम्हांतील शिक्षक जागा झाला. सुट्टी म्हणजे मोकळा वेळ, हा आमचा हिशेब. आम्ही एका मोठ्या कागदावर वेळापत्रक आखले. पहाटे चार ते सहा बीजगणित, दुपारी एक तास शास्त्र, रात्री आरतीनंतर एक तास इतिहास. दररोज चार तास, सात दिवसांचे अठ्ठावीस तास. तो कागद माळ्यावर खिळ्याने ठोकला, माळ्यावर चटई टाकली, दिवा लावून दिला, आणि कन्येस सांगितले, "खाली कितीही गडबड असो, तू येथे बसायचे." आमचे कर्तव्य झाले असे समजून आम्ही भजनाच्या तयारीस लागलो.

पहिल्या दिवशी ती चार तास बसली. दुसऱ्या दिवशी भजनामुळे निजावयास दोन वाजले, पहाटेचे दोन तास बुडाले. ते दुपारी भरून काढायचे ठरले. दुपारी मुंबईच्या आत्याबाई आल्या, तेही बुडाले. मग रात्री चार तास काढू असे ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी थकबाकी सहा तासांवर गेली आणि चौथ्या दिवसापासून ती माळ्यावर चढलीच नाही. आम्ही चार माणसांत रागावलो, ती रडली. गौरीविसर्जनानंतर पुस्तक उघडावयास तिला नवरात्र उजाडले. त्या वर्षी तिचे गणित जे मागे पडले ते पडलेच. तिला शास्त्र शाखेकडे जावयाचे होते. ते झाले नाही. याचा सर्व भार त्या सात दिवसांवर टाकणे खरे होणार नाही, कारणे आणखीही होती. पण त्या सात दिवसांनी घडी विस्कटली ती पुन्हा नीट बसली नाही, इतके आम्ही जबाबदारीने म्हणू शकतो.

आमची समजूत अशी होती की, मुलीस गोंगाट बाधला. पुढे शाळेतही आम्ही पालकांना हेच सांगत आलो की, घरात शांतता ठेवा. गणपतीत शांतता ठेवा असे सांगणे म्हणजे पावसास थांब म्हणण्यासारखे आहे, हे आमच्या ध्यानी येत नसे.

आता २०२५ सालची गोष्ट. आमच्या पुतण्याची मुलगी त्याच घरात राहते, आणि ती गेल्या गणपतीत दहावीला होती. गणेशचतुर्थी होती २७ ऑगस्टला, आणि गौरीबरोबर विसर्जन २ सप्टेंबरला. आमची मुलगीही त्या वेळी माहेरी आली होती. आम्ही जुन्या सवयीप्रमाणे कागद घेऊन वेळापत्रक आखावयास बसलो. ती तांदूळ निवडीत होती, ती हसून म्हणाली, "अप्पा, पुन्हा माळा का? मला तेव्हा आवाजाचा त्रास नव्हताच. मला हाकेचा त्रास होता."

आम्ही विचारले, "हाकेचा म्हणजे?"

ती म्हणाली, "अर्ध्या तासात चार हाका. पाट मांड. आत्याला चहा दे. फुलपुडी कुठे ठेवलीस. मी माळ्यावर होते म्हणून कोणालाच दिसत नव्हते. सगळ्यांना वाटे, मी रिकामीच आहे. दादाला कोणी हाक मारीत नसे. तो तर ओटीवर लोळत असे."

सज्जनहो, शिक्षक म्हणून हजारो मुलांना आम्ही वाचले, पण आपल्या घरातील हे वाक्य ऐकावयास आम्हांस बावीस वर्षे लागली. मुलग्याच्या अभ्यासात गोंगाट येतो. मुलीच्या अभ्यासात गोंगाट येतो आणि वर हाकही येते. हा भेद आमच्या वेळापत्रकात कोठेच नव्हता.

मग आम्ही दोघांनी मिळून या नातीसाठी निराळी योजना केली. ती कशी होती व तिचे काय झाले ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, किती अभ्यास करावयाचा. आम्ही चार तास म्हणणार होतो. मुलगी म्हणाली, अर्धा अर्धा तास दोन वेळा, त्याहून एक मिनिट अधिक नाही. आम्हांस हे फारच अल्प वाटले. परंतु विचार करता तिचे पटले. या सात दिवसांत अभ्यासक्रम पुढे न्यावयाचा नसून केवळ बैठक मोडू द्यावयाची नाही, एवढेच साधावयाचे आहे. एकदा हा हेतू ठरला की तासांचा हव्यास आपोआप सुटतो. जर्मनीतील एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विसरण्याचा हिशेब ठेवला व १८८५ साली तो प्रसिद्ध केला. पाठ केलेले सर्वांत जास्त सुरुवातीलाच निसटते आणि पुढे गळती मंदावते, असे त्याला आढळले. तसेच एका दमात घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हेही त्याने नोंदविले. म्हणून सात दिवस पूर्ण खाडा पडणे आणि रोज अर्धा तास जुन्याकडे वळून पाहणे, यांत अंतर फार आहे.

दुसरी गोष्ट, केव्हा बसावयाचे. एरवी मुले घड्याळावर बसतात. सणात घड्याळ कोणी पाहत नाही. आरती साडेसातची ती नऊला होते. तेव्हा बैठक घड्याळाला न बांधता घरात जे रोज घडणारच अशा एखाद्या गोष्टीला बांधावी. आम्ही दोन ठिकाणे निवडली. एक, सकाळचा पहिला चहा झाल्याबरोबर, न्हाणीघराच्या रांगेत आपला नंबर लागेपर्यंत. आणि दुसरे, दुपारची शेवटची पंगत उठल्यानंतर. आपण कधी निरीक्षण केले आहे की नाही ठाऊक नाही, पण गणपतीच्या घरात दिवसातील सर्वांत शांत वेळ मध्यरात्र किंवा पहाट नसून दुपारचे अडीच ते साडेतीन ही असते. मोदक पोटात गेलेले असतात, रात्रीचे जागरण डोळ्यांवर असते, आणि तेवीस माणसे जेथे जागा मिळेल तेथे आडवी होतात. हा तास फुकट मिळालेले धन आहे. पण त्याच तासाला घरातील मुली व सुना मागील दारी खरकटी भांडी घाशीत असतात.

येथे आमच्या मुलीने जे केले ते आम्हांस सुचले नसते. हरतालिकेच्या दिवशी, म्हणजे सण सुरू होण्यापूर्वी, तिने सर्व बायकांना स्वयंपाकघरात एकत्र करून सांगितले की, दुपारच्या भांड्यांत या मुलीचा वाटा मी उचलणार, आणि सकाळी चहाचे पेले दादाचा मुलगा विसळणार. कोणी "मुलगा कसा विसळील?" असे म्हणाले. ती म्हणाली, "हातांनी." विषय संपला. आमचा अनुभव असा की, हे वाटप सण सुरू होण्याआधीच झाले पाहिजे. ऐन वेळी मुलीने "मला अभ्यास आहे" म्हटले की ते कामचुकारपणासारखे दिसते, आणि तिलाही अपराध्यासारखे वाटते. मग ती पुस्तक मिटून उठते. आधी ठरले म्हणजे बोलण्यास जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट, कोठे बसावयाचे. आम्ही अर्थातच माळा सुचविला. मुलगी म्हणाली, माळा नको, मागील पडवी, सर्वांच्या डोळ्यांसमोर. तेथे आमच्या वहिनी, म्हणजे त्या मुलीची आजी, दिवसभर वाती वळीत बसलेल्या असतात. मुलीने त्यांच्या शेजारी पाट टाकावा. कोणी हाक मारली तर तिने मान वर करावयाची नाही, उत्तर आजीने द्यावयाचे, "ती अर्ध्या तासाने येईल." हा पहारा अतिशय उपयोगी पडला. लपून बसलेल्या मुलाला लोक शोधीत येतात. आजीच्या शेजारी बसलेल्याला कोणी उठवीत नाही. दोन दिवसांनी तर पाहुण्यांची लहान पोरेही पडवीकडून जाताना आपण होऊन हळू चालू लागली. दांडग्या आवाजाच्या एका काकांना मात्र वहिनींनी प्रत्येक वेळी निराळे सांगावे लागले.

चौथी गोष्ट आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण येथे शिक्षकाचे काम आहे. मुले पुस्तक घेऊन बसतात आणि आता काय करू हे ठरविण्यातच दहा मिनिटे जातात. शिवाय सणात पुस्तके सापडत नाहीत. आमच्या घरी तर पुस्तकांच्या कपाटापुढे पाहुण्यांच्या बॅगा रचलेल्या होत्या. म्हणून २५ ऑगस्टलाच आम्ही एक कापडी पिशवी भरून वहिनींच्या वातींच्या डब्याशेजारी टांगली. तिच्यात एक वही, कंपासपेटी, आणि एका पाकिटात चौदा पाने. प्रत्येक पानावर अर्ध्या तासाचे काम आमच्या अक्षरात लिहिलेले. पान काढायचे, करायचे, मागे तारीख टाकायची.

पानांवर काय असावे? नवा धडा एकही नाही. शाळेत जे शिकवून झाले होते तेवढेच. सकाळच्या पानांवर हाताने करावयाची कामे घातली. वर्गसमीकरणाची पाच उदाहरणे. समरूप त्रिकोणांच्या दोन आकृत्या. दहावीच्या भूगोलात भारताबरोबर ब्राझीलचा अभ्यास आहे, तर ब्राझीलचा कोरा नकाशा व त्यात भरावयाची आठ ठिकाणे. दुपारच्या पानांवर मात्र पुस्तक मिटून लिहावयाची उत्तरे दिली. गुरुत्वाकर्षणाचा नियम आपल्या शब्दांत लिही, मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत डावीकडून उजवीकडे जाताना काय बदलते ते आठवून लिही, असे.

ही वाटणी आम्ही आवाजाच्या जातीवरून केली. टाळ-ढोलकीचा सारखा गजर चालू असता मुले हातची गणिते सोडवितात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. परंतु शेजारी दोन माणसे हलक्या आवाजात कोणाच्या सोयरिकीची बोलणी करू लागली की धडा वाचणाऱ्या मुलाचे पान उलटत नाही. कारण उघड आहे. गजराला अर्थ नसतो. बोलण्याला असतो, आणि आपल्या भाषेतले बोलणे कानावर पडले की मन ते उकलू लागतेच, त्याला नको म्हणता येत नाही. वाचणे व पाठ करणे ही कामेही शब्दांचीच असल्यामुळे दोहोंची टक्कर होते. सकाळी पडवीत बायकांच्या गप्पा असणारच, तेव्हा तेथे आकडे व आकृत्या. आणि दुपारी घर निजले असता शब्द. आपल्या घरी शांत वेळ निराळी असेल तर पाने उलटी लावावीत.

आता हिशेब सांगतो, आणि तो खरा सांगतो. २७ तारखेस सकाळी प्राणप्रतिष्ठेच्या गडबडीत पान झाले नाही, दुपारी झाले. २८ व २९ ला दोन्ही वेळा झाली. २९ च्या रात्री वाडीत जाखडीचा नाच होता. निजावयास दोन वाजून गेले. ३० ला सकाळी मुलगी उठलीच नाही, आणि आम्ही उठविलेही नाही. दुपारी ती बसली. त्या दिवशी गणिताचेच पान तिच्या हाती आले, कारण सकाळचे राहिले होते. पाच उदाहरणांपैकी दोनच बरोबर आली. आदल्या दिवशी चार आली होती. चुका पाहिल्या तर त्या न समजल्याच्या नव्हत्या. ऋण चिन्ह सुटलेले, सात व आठ यांचा गुणाकार चुकलेला. ज्या पोराला रीत येते पण चिन्हे सुटतात, त्याला झोप कमी पडली आहे असे खुशाल समजावे. अशा वेळी आणखी उदाहरणे घालू नयेत, निजू द्यावे. पहाटे चारला उठविण्याचा आमचा जुना बाणा किती चुकीचा होता हे त्या पानाने आम्हांस सांगितले.

३१ ला गौरी आणावयाच्या होत्या. सकाळचे पान झाले. दुपारी ती बायकांबरोबर पाणवठ्यावर तेरड्याच्या गौरी आणावयास गेली. १ सप्टेंबरला गौरीपूजन, त्या दिवशी पिशवी खुंटीवरून निघालीच नाही. रात्रभर फुगड्या चालल्या होत्या आणि त्यांत ती सर्वांत पुढे होती. २ ला विसर्जन. सकाळी एक पान झाले. चौदांपैकी आठ पाने, म्हणजे सात दिवसांत चार तास. २००३ साली आम्ही जो अभ्यास एका दिवसाला नेमला होता तेवढाच हा सात दिवस मिळून झाला.

बुडालेल्या पानांचे काय करावे, यासाठी आम्ही प्रारंभीच एक नियम घातला होता. ३० ला गणिताचे पान पुढे ओढले गेले, तेव्हा तो आमच्याच हातून अर्धवट मोडला. नियम असा की, राहिलेले पान दुसऱ्या दिवशी भरून काढावयाचे नाही. त्या वेळेचे पान त्या वेळेबरोबर गेले. २००३ साली थकबाकीनेच सर्व बुडविले होते. सहा तासांचे देणे डोक्यावर असलेले पोर अर्ध्या तासासाठी बसत नाही. ते म्हणते, आता काय उपयोग? एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, याला आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांच्या नव्या सवयींचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. मधून एखादी वेळ चुकली तरी सवय जडण्याच्या क्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, असे त्यांस दिसले. ती माणसे प्रौढ होती आणि सवयी खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या होत्या, हे लक्षात ठेवून आपण त्यापासून जेवढे घ्यावयाचे तेवढे घ्यावे.

बैठक खरी चालू आहे की नुसता देखावा, हे कसे ओळखावे असे काही पालक विचारतात. आम्ही वहीकडे पाहतो. अक्षर नेहमीपेक्षा फार सुंदर असेल आणि खाडाखोड मुळीच नसेल, तर पोर मार्गदर्शकातून उतरवून काढीत आहे. खाडाखोड आहे, मध्येच उत्तर अर्धे सोडले आहे, बाजूला कच्चे काम केले आहे, तर तेथे मन होते. आणि अर्ध्या तासात पानावर दोनच ओळी असतील तर रागावण्यापूर्वी त्या अर्ध्या तासात किती हाका आल्या ते आजीस विचारावे. मोबाईलविषयी निराळे काही सांगत नाही. पिशवीत तो नव्हता, इतकेच.

सणाच्या दिवसांहून सणानंतरचा दिवस घातक असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ३ सप्टेंबरला चाकरमानी परतू लागले. घरात पसारा, मखर उतरलेले, मने उदास. अशा दिवशी "चला, आता पुन्हा तीन तास" म्हटले की पोर उद्यावर टाकते, आणि उद्याचा परवा होतो. आम्ही त्या दिवशी नवे पान दिले नाही. २७ तारखेचे पहिलेच पान पुन्हा सोडवावयास दिले. त्या दिवशी पाचांपैकी तिची तीन उदाहरणे बरोबर आली होती, आता चार आली. एवढ्याने मुलगी आनंदली. आपले काही हरवले नाही हे तिला स्वतःच्या अक्षरात दिसले. ४ ला एक तास, ५ ला दीड तास, आणि सोमवार ८ तारखेपासून नेहमीचे वेळापत्रक, अशी चढण आम्ही ठेविली. ती मोडली नाही.

लग्नकार्याची गोष्ट निराळी आहे. गणपती घरी येतो. लग्नाला घरच बाहेर जाते. पाट, पंगत, दुपारची निज, यांपैकी काहीच ठरल्या वेळी होत नाही, आणि आमची पिशवी तेथे फारशी चालत नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. लग्न फाल्गुनात आले आणि घरात दहावी-बारावीचे पोर असले तर त्यास चार दिवस मावशीकडे किंवा शेजारी ठेवावे, हळदीला व अक्षतांना आणावे, पुन्हा पोचवावे. मुहूर्त वैशाखात मिळत असता फाल्गुनाचाच आग्रह धरणाऱ्या वरपक्षाशी आम्ही एकदा भांडलो आहो, आणि त्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही.

तसेच मुंबईच्या चाळीतील एका खोलीत पडवीही नसते व आजीला बसावयास कोपराही नसतो. तेथे दुपारचे पान घेऊन सार्वजनिक अभ्यासिकेत किंवा वाचनालयात जाणे हाच मार्ग. सणाच्या दिवशी ते उघडे आहे ना, याची चौकशी आदल्या आठवड्यात करावी. सकाळचे हाताचे काम मात्र गॅलरीतही होते. आमच्या एका विद्यार्थ्याने जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून भूमितीच्या आकृत्या काढल्या आहेत.

एक विनंती वडील मंडळींस आहे. पाहुण्यांसमोर पोराला उभे करून "यंदा किती टक्के पाडणार?" असे विचारू नये. आमच्या नातीस त्या सात दिवसांत हा प्रश्न अकरा जणांनी विचारला. तिने मोजले होते. दर प्रश्नानंतर ती दहा मिनिटे पडवीत नुसतीच बसून राही.

तिला पुढे किती गुण मिळाले असे आपण भाषणानंतर आम्हांस विचाराल. वरील विनंती करून बसल्यावर ते सांगणे आम्हांस शोभणार नाही.

३ तारखेस संध्याकाळी आमची मुलगी सासरी जावयास निघाली. एस.टी. येईपर्यंत ती पडवीत वहिनींशेजारी बसली होती. पाकिटातील उरलेली सहा पाने तिने काढून पाहिली आणि म्हणाली, "अप्पा, ही दिवाळीला चालतील." मग एक कोरे पान मागून घेतले, तिचा मुलगा सातवीत आहे. त्याच्या घरी गौरी नसतात, पण नवरात्र मोठे असते. नमुन्यासाठी म्हणून ब्राझीलचा नकाशाही तिने बरोबर नेला. सातवीला तो लागत नाही हे आम्ही सांगणार होतो, पण गाडी आली.